ओळीचा शेवट कोणी ठरवायचा?

दोनशे ओळींची एक फाइल आहे. कोणीतरी तिच्यातला एकच आकडा बदलतो आणि कमिट करतो. ती कमिट तपासायला घेतलेल्या सहकाऱ्याला दिसते ते असे: २०० ओळी काढल्या, २०० ओळी घातल्या. जुनी आणि नवी ओळ शेजारी ठेवून कितीही निरखले तरी फरक सापडत नाही, कारण फरक अक्षरांत नसतोच. तो प्रत्येक ओळीच्या शेवटी, पडद्यावर न दिसणाऱ्या एका बाइटमध्ये असतो. विंडोज आणि लिनक्स वापरणारी माणसे गिटमधून एकाच फाइलींवर काम करू लागली की हा प्रसंग कधी ना कधी येतो. मग ‘तुझ्या मशीनवर अमुक सेटिंग कर’ असा सल्ला मिळतो, तात्पुरता उपयोगीही पडतो, आणि काही महिन्यांनी नवा माणूस किंवा नवा लॅपटॉप आला की तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो. तो परत का येतो, याचे उत्तर या पुस्तिकेच्या मुळाशी आहे. ओळीचा शेवट कोणत्या खुणेने साठवायचा हा निर्णय प्रकल्पाचा आहे. तो प्रत्येकाच्या मशीनवर सोपवला की फाइलींचे रूप कोण कुठे बसला आहे यावर अवलंबून राहते. म्हणून तो निर्णय रिपॉझिटरीच्या आत, फाइलींबरोबरच प्रवास करणाऱ्या जागी लिहिलेला असला पाहिजे. पुढची सगळी प्रकरणे या एका विधानाचा विस्तार आहेत.

वाद कुठून आला हे पाहिले की त्याचे उत्तरही तिथेच दडलेले दिसते. टेलिटाइप यंत्रांवर नवी ओळ सुरू करायला दोन वेगळ्या हालचाली लागत. छपाईचा भाग डाव्या कडेला परत आणणे म्हणजे कॅरेज रिटर्न, आणि कागद एक ओळ वर सरकवणे म्हणजे लाइन फीड. आस्की संकेतात पहिल्याला १३ आणि दुसऱ्याला १० हा क्रमांक मिळाला. सोळाच्या पायावर ते `0D` आणि `0A` असे लिहितात. पुढे मजकूर फाइलीत साठवायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला: यंत्राच्या दोन्ही हालचाली फाइलीतही लिहायच्या का? मल्टिक्स आणि तिच्यामागून आलेल्या युनिक्सने ‘नाही’ म्हटले. फाइलीत ओळीचा शेवट दाखवणारे एकच चिन्ह, लाइन फीड, आणि यंत्राला दुसरी हालचाल लागत असेल तर ती टर्मिनलचा ड्रायव्हर ऐनवेळी जोडेल. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये `onlcr` नावाची सेटिंग आजही नेमके हेच काम करते. सीपी/एमने मात्र दोन्ही चिन्हे फाइलीतच ठेवली. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसने तीच रीत घेतली आणि ती विंडोजपर्यंत टिकली. अ‍ॅपलच्या जुन्या मॅकवर एकटे कॅरेज रिटर्न चाले. २००१ मध्ये मॅक ओएस टेन आल्यावर मॅकही युनिक्सच्या पंगतीत बसला. वरवर हा तीन कंपन्यांच्या आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो, पण खरा मतभेद रूपांतर कुठे करायचे यावर होता. युनिक्सने साठवणीत एक रूप ठेवले आणि रूपांतर सीमेवर, म्हणजे मजकूर यंत्राकडे जाताना केले. गिटमध्येही टिकाऊ उत्तर याच आकाराचे आहे: रिपॉझिटरीत एक रूप, रूपांतर फक्त सीमेवर. प्रश्न उरतो तो एवढाच, की सीमेवरचा नियम कोणाच्या हातात असावा.

गिटच्या दृष्टीने फाइल म्हणजे बाइटांची माळ. त्या बाइटांवरून तो हॅश काढतो आणि हॅश वेगळा तर फाइल वेगळी. `hello` आणि त्यामागे एकटे लाइन फीड एवढाच मजकूर असेल तर सहा बाइट होतात. मध्ये कॅरेज रिटर्न आले तर सात होतात आणि हॅशचे काहीही साम्य उरत नाही. गिट २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी जन्मला आणि तिथे हा प्रश्नच नव्हता. विंडोजवर तो वापरात आल्यावर `core.autocrlf` ही सेटिंग आली. तिची मूल्ये तीन. `true` असेल तर फाइल आत घेताना सीआर-एलएफचे एलएफ होते आणि चेकआउट करताना एलएफचे सीआर-एलएफ. `input` असेल तर फक्त आत घेताना बदल होतो. `false` असेल तर काहीच होत नाही. गिट फॉर विंडोजचा इन्स्टॉलर हा प्रश्न विचारतो आणि पहिला पर्याय आधीच निवडून ठेवतो. रूपांतराची कल्पना इथे बरोबरच आहे, पण तिची जागा चुकली आहे. ही सेटिंग त्या मशीनच्या किंवा त्या व्यक्तीच्या कॉन्फिगमध्ये राहते आणि क्लोन केल्यावर कॉन्फिग सोबत येत नाही. गिट ती मुद्दामच पाठवत नाही, कारण दुसऱ्याच्या कॉन्फिगमधून आपल्या मशीनवर भलतीच आज्ञा चालू शकते. म्हणजे रिपॉझिटरीच्या आरोग्याचा नियम अशा ठिकाणी ठेवला आहे जिथून तो कधीच कोणापर्यंत आपोआप पोचणार नाही.

एक उदाहरण घेऊन पाहू. तिघांचा एक गट आहे. पहिला विंडोजवर, `true` ठेवून. दुसरी लिनक्सवर, काहीच न ठेवता. तिसरा विंडोजवर, पण इन्स्टॉलरच्या प्रश्नाला ‘जसे आहे तसे’ असे उत्तर देऊन, म्हणजे `false`. रिपॉझिटरीत `config.ini` ही २०० ओळींची फाइल एलएफने साठवलेली आहे. तिसऱ्याकडे ती एलएफनेच उतरते, आणि त्याचा एडिटर आहे तो शेवट जपत असेल तर काही बिघडत नाही. पण एके दिवशी तो ही फाइल एका छोट्या प्रोग्रॅममधून नव्याने लिहून घेतो. विंडोजवर तो प्रोग्रॅम प्रत्येक ओळीमागे सीआर-एलएफ घालतो. फाइल २०० बाइटांनी फुगते आणि कमिटमध्ये प्रत्येक ओळ बदललेली दिसते. दरम्यान दुसरीने आपल्या ब्रँचवर ५७ वी ओळ बदललेली आहे. मर्ज करताना गिटला एका बाजूने सगळी फाइल बदललेली दिसते आणि दुसऱ्या बाजूने तिच्यातली एक ओळ. दोन्ही बदल एकमेकांवर येतात आणि संघर्षाच्या खुणांमध्ये आख्खी फाइल दोनदा येऊन पडते. ती हाताने निस्तरताना काही ओळी एका बाजूच्या राहतात, काही दुसऱ्या. आता त्याच फाइलीत दोन्ही प्रकारचे शेवट आहेत. ही मिश्र अवस्था सर्वांत वाईट, कारण यापुढे कोणताही एडिटर शेवट सारखे करायला गेला की पुन्हा मोठी, निरर्थक कमिट तयार होते. या तिघांपैकी कोणीही चूक केलेली नाही. प्रत्येकाचे उत्तर त्याच्या मशीनपुरते बरोबर होते. तिन्ही उत्तरे एकत्र नांदू शकत नव्हती.

गोंधळलेला डिफ निदान डोळ्यांसमोर तरी येतो. त्याहून कठीण प्रसंग रिपॉझिटरी पूर्ण निरोगी असताना येतो. वरच्या गटातल्या पहिल्याकडे `true` आहे. रिपॉझिटरीत `deploy.sh` एलएफने आहे, पण त्याच्या डिस्कवर ती सीआर-एलएफने उतरते. तो त्याच फोल्डरमधून डॉकरची इमेज बनवतो, म्हणजे डिस्कवरची प्रत लिनक्सच्या आत जाते. स्क्रिप्ट चालवली की असे दिसते:

```
$ ./deploy.sh
/usr/bin/env: 'bash\r': No such file or directory
```

लिनक्सचा कर्नल पहिली ओळ लाइन फीडपर्यंत वाचतो. मधले कॅरेज रिटर्न त्याच्या लेखी साधे अक्षर आहे, म्हणून `bash` या नावाला ते चिकटते आणि तशा नावाचा प्रोग्रॅम कुठेही सापडत नाही. पहिल्या ओळीत `#!/bin/sh` असेल तर संदेश आणखी फसवा होऊ शकतो: काही वेळा समोर असलेल्या स्क्रिप्टबद्दलच ‘अशी फाइल नाही’ असे सांगितले जाते, आणि माणूस मार्ग व परवानग्या तपासत बसतो. तीच स्क्रिप्ट `bash deploy.sh` अशी चालवली तर पहिली ओळ टिप्पणी म्हणून सुटते, पण आतल्या ओळी अडखळतात. सर्वांत धोकादायक ओळी त्या, ज्या अडखळत नाहीत. `mkdir -p /srv/app` ही ओळ विनातक्रार चालते आणि नावाच्या शेवटी कॅरेज रिटर्न असलेली डिरेक्टरी तयार होते. पुढे तिला शोधणाऱ्या प्रोग्रॅमला ती सापडत नाही, आणि साध्या यादीत नाव बरोबरच असल्याचा भास होऊ शकतो. `ls -b` दिल्यावर शेवटचे `\r` उघडे पडते.

म्हणून निदान अंदाजाने करू नये. गिटच्या २.८ या आवृत्तीपासून त्यासाठी नेमकी आज्ञा उपलब्ध आहे, `git ls-files --eol`. ती प्रत्येक फाइलीबद्दल तीन गोष्टी सांगते: इंडेक्समध्ये ओळींचे शेवट कसे आहेत, डिस्कवर कसे आहेत आणि त्या फाइलीला कोणता नियम लागू आहे. वरच्या गटातल्या पहिल्याच्या मशीनवर ती असे काही दाखवील:

```
i/mixed w/mixed attr/    config.ini
i/lf    w/crlf  attr/    deploy.sh
```

हे वाचायला सोपे आहे. पहिल्या ओळीतला रोग रिपॉझिटरीत शिरलेला आहे. तो सगळ्यांना होणार. दुसऱ्या ओळीत रिपॉझिटरी ठीक आहे, बदल केवळ डिस्कवर आहे. तो त्या मशीनवरून फाइली पुढे नेणाऱ्यालाच भोवणार. आणि तिसरा रकाना रिकामा असणे हे दोन्हींचे मूळ कारण: प्रकल्पाने या फाइलींबद्दल काहीच ठरवलेले नाही, म्हणून प्रत्येक मशीनने आपापले ठरवले. माझ्या मूळ विधानाचा पुरावा मी या रिकाम्या रकान्यात पाहतो.

तो रकाना भरण्याची जागा म्हणजे रिपॉझिटरीच्या मुळाशी ठेवलेली `.gitattributes` ही फाइल. ती इतर फाइलींसारखीच कमिट होते, क्लोनबरोबर येते, आणि तिच्यातला नियम व्यक्तीच्या `core.autocrlf` वर मात करतो. बहुतेक प्रकल्पांना एवढ्या ओळी पुरतात:

```
*      text=auto eol=lf
*.bat  text eol=crlf
*.cmd  text eol=crlf
*.png  binary
```

पहिल्या ओळीतला `text=auto` गिटला सांगतो की मजकुराच्या फाइली ओळखून त्या रिपॉझिटरीत एलएफनेच ठेव. `eol=lf` सांगतो की डिस्कवरही एलएफच उतरव. या दुसऱ्या भागावर रास्त आक्षेप आहे: विंडोज वापरणाऱ्याला त्याच्या व्यवस्थेचा नेहमीचा शेवट का मिळू नये? नुसते `text=auto` लिहिले तर मिळेल, आणि एकेकाळी तोच सल्ला योग्य होता. पण ‘या मशीनचा नेहमीचा शेवट’ या कल्पनेला आता पक्का आधार राहिलेला नाही. विंडोजच्या एकाच लॅपटॉपवर एकच फोल्डर विंडोजमधला एडिटर, डब्ल्यूएसएलमधला शेल आणि डॉकरमधला लिनक्स असे तिघे वाचतात. यांपैकी दोघांना एलएफच हवे असते आणि तिसऱ्याला ते चालते. विंडोजच्या नोटपॅडलाही २०१८ पासून एलएफ समजते. अपवाद खरे आहेत, म्हणूनच ते नावाने लिहिले आहेत. विंडोजच्या बॅच फाइली डिस्कवर एलएफने उतरल्या तर `goto` आणि `call` ला लेबल कधी सापडते, कधी नाही. अशा फाइलींना प्रत्येक मशीनवर, अगदी लिनक्सवरही, सीआर-एलएफच उतरले पाहिजे.

नियम लिहिला म्हणजे जुन्या फाइली आपोआप सुधारल्या असे होत नाही, आणि अनेक गट इथेच हात टेकतात. `text=auto` मध्ये गिट एक सावधगिरी बाळगतो: जी फाइल आधीच सीआर-एलएफसह रिपॉझिटरीत आहे तिला तो आपणहून हात लावत नाही. म्हणून एकदा मुद्दाम सांगावे लागते. ही सोय २.१६ या आवृत्तीपासून आहे:

```
git add .gitattributes
git add --renormalize .
git diff --cached --ignore-cr-at-eol
git commit -m "Normalize line endings"
```

तिसरी आज्ञा वगळू नये. ती ओळीच्या शेवटचे कॅरेज रिटर्न सोडून बाकीचे फरक दाखवते. तिथे `.gitattributes` खेरीज काहीही दिसले तर या कमिटमध्ये दुसरे काम मिसळले आहे आणि आधी ते बाजूला काढले पाहिजे. आणखी एक बारकावा. कमिट झाल्यावर इतरांनी पुल केले तरी ज्या फाइली रिपॉझिटरीत आधीपासून ठीक होत्या, त्या त्यांच्या डिस्कवर सीआर-एलएफनेच राहतात, कारण गिटच्या लेखी त्या बदललेल्याच नाहीत. आपले काम पुश करून नव्याने क्लोन करणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. ज्या ब्रँचेस अजून उघड्या आहेत त्या मर्ज करताना `git merge -X renormalize` वापरले की गिट दोन्ही बाजू आधी सारख्या करून मग जुळवतो, आणि फक्त शेवटांमुळे होणारा संघर्ष टळतो.

या सगळ्याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप तत्त्वाचा आहे. आवृत्ती सांभाळणाऱ्या साधनाने दिलेले बाइट जसेच्या तसे परत द्यावेत, त्यांत ढवळाढवळ करू नये. जिथे बाइट हाच आशय आहे तिथे हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पीएनजी चित्राच्या पहिल्या आठ बाइटांत `0D 0A` आणि पुढे एकटे `0A` मुद्दाम ठेवले आहेत. कोणी ओळींचे शेवट बदलले तर चित्र उघडतानाच बिघाड लक्षात यावा म्हणून. फाइलीत शून्य मूल्याचा बाइट दिसला की ती मजकुराची नाही असे गिट समजतो. हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो, पण महत्त्वाच्या प्रकारांवर `binary` किंवा `-text` अशी स्पष्ट खूण करावी. ज्यांची बेरीज किंवा सही तपासली जाते अशा चाचणीच्या फाइलींनाही `-text` द्यावे. मराठी मजकूर ठेवणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे सगळे बाइट आस्कीच्या पलीकडचे असतात, त्यामुळे अक्षराच्या पोटात `0A` किंवा `0D` येणे शक्यच नाही. यूटीएफ-१६ मध्ये मात्र ‘ऊ’ चे दोन बाइट `0A` आणि `09` असे असतात. अशा फाइलीला गिट सहसा स्वतःच बाजूला ठेवतो, कारण तिच्यातल्या जागांमध्ये आणि ओळींच्या शेवटात शून्य बाइट असतात. पण कोणी `*.txt text eol=crlf` असे ठामपणे लिहिले, तर गिट तो अंदाज सोडून देतो आणि प्रत्येक एकट्या `0A` आधी एक बाइट घुसवतो, मग तो ओळीचा शेवट असो की ‘ऊ’. तिथून पुढचा मजकूर एका बाइटने सरकतो आणि वाचण्यापलीकडे जातो. यावर उपाय म्हणजे मजकूर यूटीएफ-८ मध्ये ठेवणे. या आक्षेपातून रूपांतराला कुंपण हवे एवढे सिद्ध होते. ते कुंपणही त्याच `.gitattributes` मध्ये घालता येते, मशीनच्या सेटिंगमध्ये नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: आजचे एडिटर दोन्ही शेवट बिनबोभाट वाचतात, मग एवढा खटाटोप कशाला? पण एडिटर फरक लपवतो म्हणूनच तो माणसाच्या नजरेतून सुटून कमिटमध्ये जातो. कर्नल, शेल आणि हॅश काही लपवत नाहीत. तिसरा आक्षेप इतिहासाचा: हजारो ओळी बदलणाऱ्या त्या एका कमिटनंतर `git blame` प्रत्येक ओळीवर त्याच माणसाचे नाव दाखवील. एकेकाळी ही खरी किंमत होती. २०१९ मध्ये आलेल्या २.२३ या आवृत्तीपासून तिच्यावर उतारा आहे: त्या कमिटचा हॅश एका फाइलीत लिहून ठेवावा आणि `blame.ignoreRevsFile` मध्ये तिचे नाव द्यावे, म्हणजे गिट ती कमिट ओलांडून ओळीच्या खऱ्या लेखकापर्यंत जातो. ही सेटिंग मात्र पुन्हा व्यक्तीच्या कॉन्फिगमध्ये बसते, हे कबूल केले पाहिजे. फरक इतकाच, की ती विसरली तर एका व्यक्तीला जुनी माहिती शोधायला त्रास होतो. फाइलींना काही होत नाही. मशीनवर सोपवण्याजोग्या गोष्टी कोणत्या आणि प्रकल्पाने ठरवायच्या कोणत्या, याची कसोटी म्हणून मी हाच फरक धरतो. विसरल्याने फक्त विसरणाऱ्याची गैरसोय होत असेल तर ती वैयक्तिक सेटिंग. विसरल्याने इतरांच्या फाइली बदलत असतील तर तो प्रकल्पाचा नियम.

या उपायाची हद्दही स्पष्ट असावी. `.gitattributes` चा अंमल गिटमधून जाणाऱ्या फाइलींपुरता आहे. ईमेलने पाठवलेली स्क्रिप्ट, झिप करून दिलेला फोल्डर, किंवा एखाद्या प्रोग्रॅमने चालता चालता लिहिलेली फाइल यांना तो लागू होत नाही. तिथे लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच शेवट सांगावा लागतो. पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात: आधी निदान, मग नियम, मग जुन्या रिपॉझिटरीची दुरुस्ती आणि शेवटी गिटबाहेरच्या वाटा. ज्यांचा प्रकल्प अजून सुरू व्हायचा आहे त्यांनी दुरुस्तीचे प्रकरण वगळले तरी चालेल, मात्र एका अटीवर. `.gitattributes` च्या वरच्या चार ओळी पहिल्याच कमिटमध्ये असल्या पाहिजेत, कारण त्या क्षणी दुरुस्त करण्याजोगी एकही फाइल नसते, आणि त्यानंतर क्लोन करणाऱ्या कोणालाही, तो कोणत्याही मशीनवर असो, ओळीच्या शेवटाबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही.